क्लावे आणि बोसा नोव्हा : एका संज्ञेचे स्थलांतर

एका परंपरेत घडलेली संज्ञा दुसऱ्या परंपरेला लावताना काय घडते, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाला नवा नाही. ‘बोसा नोव्हाची क्लावे’ हा संगीतशिक्षणाच्या पुस्तकांत रूढ झालेला शब्दप्रयोग याच प्रश्नाचे एक बोलके उदाहरण आहे. क्लावे ही क्यूबाची, बोसा नोव्हा ब्राझीलची. आणि दोहोंची ओळख जगाला बहुतांशी उत्तर अमेरिकेच्या मध्यस्थीने झाली. हा शब्दप्रयोग कितपत ग्राह्य आहे हे ठरविण्यासाठी प्रथम या लयबंधांची घडण पाहिली पाहिजे.

पाश्चात्त्य स्वरलेखनात उभ्या रेघांनी विभागलेल्या कालखंडाला बार म्हणतात. विवेचनाच्या सोयीसाठी दोन बार मिळून सोळा समान मात्रा धरू. म्हणजे एका बारच्या आठ मात्रा झाल्या. सर्वसाधारण रॉक संगीतात मोठा ढोल पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर वाजतो, स्नेअर हा कडक आवाजाचा ढोल तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर, आणि वरच्या झांजा प्रत्येक मात्रा मोजत राहतात. येथे आघात आणि विभागणी एकच असतात: बारचे जे समान भाग पडतात, तेच ढोल ऐकवतो. दुसरा बार पहिल्याची पुनरावृत्ती असतो, म्हणून गाणे मध्येच ऐकू लागलेल्या श्रोत्यालाही क्षणात आपले स्थान सापडते. आपल्या पादाकुलकाच्या सोळा मात्रा आठ-आठच्या आवर्तनांत जशा सरळ चालतात, त्या जातीचीच ही चाल आहे.

क्लावेची घडण याहून वेगळी आहे. स्पॅनिशमध्ये ‘क्लावे’ म्हणजे किल्ली किंवा संकेत. ज्या दोन कठीण लाकडी दांड्या परस्परांवर आपटून हा लयबंध वाजवितात, त्यांनाही हेच नाव अनेकवचनात दिले जाते. क्यूबातील ‘सोन’ या गीतप्रकाराच्या क्लावेत सोळा मात्रांत पाचच आघात येतात: १, ४, ७, ११ आणि १३ या मात्रांवर. आघातांमधील अंतरे अनुक्रमे तीन, तीन, चार, दोन आणि चार अशी पडतात. पहिल्या बारमध्ये तीन आघात आहेत आणि ते सरळ विभागणीला छेद देत जातात. दुसऱ्यात दोनच आहेत आणि ते विभागणीशी जुळवून घेतात. दुसऱ्या बारची पहिली मात्रा, म्हणजे एकूण नववी, पूर्णपणे मोकळी राहते. रॉकचा ढोलवादक जी जागा कधीही सोडणार नाही, नेमकी तीच ही जागा. (तिला आपल्या तालातील ‘खाली’ म्हणण्याचा मोह होतो, पण खाली हाताच्या इशाऱ्याने दाखविली जाते, येथे दाखविण्यासारखे काहीच घडत नाही.)

छंदाच्या भाषेत बोलायचे तर येथे समान गणांची आवर्तने नाहीत. अक्षरगणवृत्तात लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो, तसा अंतरांचा एक ठरलेला, विषम क्रम येथे आहे. त्यामुळे दोन बार मिळून एकच वाक्य होते. पूर्वार्धात ताण, उत्तरार्धात निवृत्ती. ही तुलना मात्र एका मर्यादेपलीकडे नेता येत नाही. वृत्ताचा क्रम शब्दांच्याच ठायी असतो. क्लावे दांड्यांवर स्वतंत्रपणे वाजते, आणि चाल, पियानो, बास यांनी तिची नक्कल न करता तिच्याशी सुसंगत राहायचे असते. पश्चिम आफ्रिकेतही घंटेवर असे मार्गदर्शक लयबंध वाजतात. घानाच्या क्पान्लोगो नृत्यसंगीतातील घंटेचा बंध तर हाच आहे.

ही सुसंगती केवळ शोभेची नाही, हे ती बिघडल्यावर कळते. समजा, चालीचा पहिला बार आडवळणाचा आहे आणि दुसरा सरळ ठोक्यांवर उतरणारा. अशा चालीला तीन आघातांपासून सुरू होणारी क्लावे जुळते. वादकाने चुकून दोन आघातांकडून आरंभ केला, तर चालीचा आडवळणी भाग क्लावेच्या सरळ अर्धावर पडतो आणि दोन्हींची विश्रांतिस्थाने एकमेकांना खोडून काढतात. या दोषाला ‘क्रुसादो’, म्हणजे ‘आडवे गेलेले’, असे म्हणतात. प्रत्येक वादक मात्रा अचूक मोजत असतो, तरी नाचणाऱ्याचे पाऊल अडखळते. गाण्याच्या पुढील भागाला उलट्या बाजूची क्लावे हवी असेल, तर दांड्या वाजविणारा थांबत नाही की दिशा बदलत नाही; रचनाकारच विषम संख्येच्या बारचा एखादा चरण योजतो, आणि पुढचा भाग आपोआप दुसऱ्या अर्धापासून सुरू होतो.

रॉकला हा बंध अपरिचित नाही. बो डिडली यांच्या त्याच नावाच्या १९५५ च्या ध्वनिमुद्रिकेत हेच पाच आघात गिटारच्या लयीत स्पष्ट ऐकू येतात. परंतु तेथे सगळा बंध एकाच बारमध्ये सामावलेला मानला जातो, आणि गायकाच्या शब्दांवर त्याचे बंधन नसते. तेथे क्रुसादोचा दोष संभवतच नाही. आकृती आली, व्याकरण आले नाही.

आता बोसा नोव्हा. जुआँव जिल्बेर्तो यांनी १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या ‘शेगा दि साउदाद्जि’ या गीताने या शैलीचे रूप लोकांसमोर आले. गीताची चाल आंतोनियु कार्लोस जोबीं यांची आणि शब्द व्हिनीसियुस दि मोराइस यांचे. जिल्बेर्तो यांच्या गिटारवादनात उजव्या हाताची सरळ श्रमविभागणी आहे. अंगठा मंद्र तारांवर १, ५, ९, १३ या मात्रा शांतपणे सांभाळतो. सांबातील सुर्दू या मोठ्या ढोलाचे काम तो करतो. उरलेली बोटे एकदम स्वरसमूह छेडतात. त्यांचे पाठ्यपुस्तकांत दिले जाणारे स्थान म्हणजे १, ४, ७, ११ आणि १४. सोनच्या क्लावेशी ताडून पाहता फक्त शेवटचा आघात एका मात्रेने पुढे सरकला आहे. परिणाम मात्र लहान नाही. सोनमध्ये पाचांपैकी दोन आघात अंगठ्याच्या सरळ मात्रांशी जुळले असते. येथे पहिला एकच जुळतो. अंतरे तीन, तीन, चार, तीन, तीन अशी होतात आणि उत्तरार्धातील निवृत्तीच नाहीशी होते. वाक्य संपत नाही, तरंगत राहते.

या साम्यामुळेच ‘बोसा क्लावे’ हे नाव पडले असावे, आणि माझ्या मते ते दिशाभूल करणारे आहे. बोसा नोव्हाचे मूळ हवानात नव्हे, रिओच्या सांबात आहे. बोटांचा हा बंध तांबोरीं या हातात मावणाऱ्या छोट्या वाद्याच्या बोलांवरून आलेला आहे. त्या बोलांची दिशा सांबाच्या वादकालाही जाणवते, परंतु ते बदलते असतात. जिल्बेर्तो स्वतः एखादा आघात गाळतात, एखादा अलीकडे ओढतात, शब्दांची ओळ लांबली तर स्वरसमूह तिच्या आधीच येऊन थांबतो. क्लावे हा नियम आहे. ब्राझीलचा हा बंध म्हणजे बोलण्याची एक लकब. पुस्तकातील पाच आघात स्नेअरच्या कडेवर काठीने यंत्रवत वाजविणारा वादक चुकत काहीच नाही, तरीही सांबा ऐकू येत नाही, त्याचे कारण हेच.

लेखनातही असाच एक अनुवाद घडला. ब्राझीलमध्ये सांबा बारला दोन ठोके धरून लिहितात. १९६२ च्या सुमारास बोसा नोव्हा उत्तर अमेरिकेत लोकप्रिय झाल्यावर तेथील वादकांसाठी ती बहुधा चार ठोक्यांनी लिहिली जाऊ लागली. मात्रा तेवढ्याच राहिल्या, वजन बदलले. सुर्दूचा जड आघात ब्राझीलच्या लेखनात दुसऱ्या ठोक्यावर असतो, तो नव्या लेखनात तिसऱ्यावर गेला. आणि रॉकवर वाढलेला कान मात्र जोर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर शोधतो, जेथे अंगठा कधीच पडत नाही.