पाच सेकंद गप्प बसण्याचा अभ्यास

होय-नाही छापाच्या प्रश्नाला समोरचा माणूस किती वेळात उत्तर देतो, हे दहा भाषांमधल्या गप्पांच्या चित्रफितींवरून मोजलं गेलं. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. सरासरी निघाली सुमारे २०० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. ही सवय अंगात मुरलेली माणसं समुपदेशन शिकायला येतात आणि तिथे त्यांना चार-पाच सेकंद काहीही न बोलता बसायला सांगितलं जातं. अवघड जातं, यात नवल नाही.

वर्गातल्या रोल-प्लेमध्ये नेहमी दिसणारी चूक बघा. आई गमावलेली एक बाई सांगते आहे, "त्या दिवशी आईचा फोन आला होता. मी उचललाच नाही." एवढं बोलून ती थांबते, नजर स्वतःच्या हातांवर. एक सेकंद, दोन सेकंद. तिसऱ्याला शिकाऊ समुपदेशक विचारते, "तुम्ही कामात असाल ना तेव्हा?" बाई मान वर करते. "हो, मीटिंग होती." मग बोलणं ऑफिसवर जातं, तिथून साहेबांवर, आणि आई बाजूलाच राहते. कदाचित पाचव्या-सहाव्या सेकंदाला ती म्हणाली असती, "मला तिच्याशी बोलायचंच नव्हतं." त्या प्रश्नाने तिला आयती सबब हातात दिली.

प्रश्न वाईट नव्हता, कळकळीनेच विचारला होता. पण तो बाईच्या गरजेतून आला की विचारणारीच्या घालमेलीतून?

हे शोधायला ध्वनिमुद्रण उपयोगी पडतं. अमेरिकेत मिशिगन स्टेट विद्यापीठात नॉर्मन केगन यांनी १९६०च्या दशकात त्यासाठी एक पद्धत बसवली. सत्राची चित्रफीत पुन्हा लावायची आणि हवी तिथे ती थांबवायचा अधिकार शिकणाऱ्याकडेच ठेवायचा. शेजारी बसलेला माणूस चूक-बरोबर सांगत नाही. तो एवढंच विचारतो, "इथे तुमच्या मनात काय चाललं होतं? शरीरात काय जाणवत होतं?" उत्तरं बहुधा प्रामाणिक येतात: आता ती रडेल अशी भीती वाटली, मला काही येत नाही असं तिला वाटेल म्हणून घाबरले. घड्याळ मात्र सांगतं की जी शांतता युगासारखी वाटली, ती तीनच सेकंदांची होती. स्वतःचा अंदाज एवढा चुकतो हे एकदा दिसलं, की पुढच्या वेळी थांबणं थोडं सोपं जातं.

पण नुसतं थांबून भागत नाही, समोरचा कशासाठी थांबलाय हे ओळखावं लागतं. संशोधक हायडी लेविट यांनी सत्रांतल्या तीन सेकंदांपेक्षा मोठ्या विरामांचे सात प्रकार पाडले. भावना दाटून आल्यामुळे, मनाशी ताळा लावताना किंवा नेमका शब्द शोधताना आलेला विराम कामाचा असतो, तिथे मध्ये पडू नये. नाव, तारीख आठवताना आलेल्या विरामात विशेष काही नसतं. मात्र विषय टाळण्यासाठी किंवा समुपदेशकाला काय हवंय याचा अंदाज घेत माणूस गप्प झाला, तर ती शांतता लांबवून उपयोग नाही. खुणा बारीक असतात. विचारात बुडालेल्याची नजर कुठेतरी स्थिर असते, तर अडकलेला माणूस समुपदेशकाकडे पुन्हापुन्हा बघतो. तेव्हा "आत्ता मनात काय आलं?" एवढं विचारणं पुरतं.

टोकाचं उदाहरण कार्ल रॉजर्स यांचं. विस्कॉन्सिनमधल्या मनोरुग्णालयात ते स्किझोफ्रेनियाचं निदान झालेल्या २८ वर्षांच्या तरुणाला भेटत. या भेटींपैकी दोन सत्रांचं मुद्रण १९६७च्या ग्रंथात सविस्तर आलं आहे. त्यात दहा मिनिटांहून लांब शांतता आढळते. रॉजर्स मधूनच एखादं वाक्य बोलत, मी इथेच आहे आणि बोललंच पाहिजे असं नाही, अशा अर्थाचं. पुढच्या भेटीत तो तरुण बराच वेळ रडला. नवशिक्याने हे बघून दहा मिनिटं गप्प बसायला जाऊ नये. त्या शांततेआधी दोघांच्या अनेक महिन्यांच्या भेटी होत्या.

आत्महत्येचे विचार बोलून दाखवणाऱ्या माणसासमोर तर लांब मौन धोक्याचंच. तिथे स्पष्ट प्रश्न विचारावेच लागतात. पहिल्याच सत्रात आलेल्याला ते तिरस्कारासारखं वाटू शकतं. फोनवर चेहरा दिसत नाही, फोन कट झाला की काय अशी शंका येते, म्हणून तिथे "हं", "ऐकतेय मी" असे हुंकार मध्ये द्यायला शिकवतात.

तुम्ही स्वतः समुपदेशकासमोर बसला असाल आणि त्याचं गप्प राहणं अंगावर येत असेल, तर तसं सरळ सांगा. तो का थांबलाय हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि त्याच्याकडे त्याचं उत्तर असायला हवं.