पेंटियम-३, विंडोज ९८ आणि एक २५ पिनांचे पोर्ट

जुन्या सुट्या भागांतून डेस्कटॉप जोडताना पहिला निर्णय भागांचा नसतो, काळाचा असतो. कोणता प्रोग्राम चालवायचा, तो कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलेला होता आणि त्याला कोणते पोर्ट लागत होते, हे आधी ठरवावे लागते. त्यावरून मदरबोर्ड ठरतो, आणि एकदा मदरबोर्ड ठरला की रॅम, ग्राफिक्स कार्ड, हार्ड डिस्क आणि एसएमपीएस यांच्या निवडीला फारसा वाव उरत नाही. हा क्रम उलटा केला, म्हणजे जुन्या बाजारात स्वस्त मिळेल ते आधी उचलले, तर हाती येतो तो एकमेकांशी न जुळणाऱ्या भागांचा ढीग.

असा संगणक मुख्यतः दोन प्रकारच्या लोकांना हवा असतो. एक, डॉसवरचे आणि विंडोज ९८ च्या काळातले गेम मूळ स्वरूपात खेळू इच्छिणारे. दुसरे, ज्यांच्याकडे त्या काळचे काम अडकून पडले आहे ते. दुसऱ्या गटात मराठी छपाईशी संबंध असलेली माणसे बरीच आढळतील. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी मजकूर पेजमेकरमध्ये त्या त्या पॅकेजच्या खास फॉन्टांत जुळवला जाई, आणि अशा काही पॅकेजेसबरोबर ‘लॉक’ मिळत असे. हे लॉक म्हणजे संगणकाच्या मागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला लावायचा अंगठ्याएवढा ठोकळा. तो जागेवर नसेल तर प्रोग्राम उघडतच नाही.

यूएसबीवरून पॅरलल पोर्ट देणाऱ्या केबलने हे काम बहुधा भागत नाही. ती केबल विंडोजला फक्त प्रिंटर म्हणून दिसते. जुना प्रोग्राम मात्र ३७८ या ठरलेल्या हार्डवेअर पत्त्यावर थेट जाऊन लॉकला विचारणा करतो, आणि त्या पत्त्यावर काहीच नसते. शिवाय विंडोज २००० आणि एक्सपी प्रोग्रामला पोर्टला असा थेट हात लावू देत नाहीत; विंडोज ९८ देते. म्हणून अशा कामासाठी १९९९ साली आलेली विंडोज ९८ ची दुसरी आवृत्ती, म्हणजे सेकंड एडिशन, आणि बोर्डावरच पॅरलल पोर्ट असलेली यंत्रणा ही जोडी योग्य ठरते.

या जोडीसाठी सगळ्यात सोयीचा मदरबोर्ड म्हणजे इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा. १९९८ साली आलेला हा चिपसेट दोन पिढ्यांच्या सांध्यावर उभा आहे. त्याच्या बोर्डांवर बहुधा जुन्या साउंड कार्डासाठी आयएसए स्लॉट असतो, इतर कार्डांसाठी पीसीआय आणि ग्राफिक्ससाठी एजीपीही असतो. मागच्या बाजूला कीबोर्ड आणि माउसची गोल पीएस-टू पोर्टे, सीरियल, पॅरलल आणि दोन यूएसबी अशी सगळी तोंडे मिळतात. यानंतरच्या बोर्डांवरून आयएसए झपाट्याने नाहीसा झाला.

प्रोसेसर म्हणून ५०० मेगाहर्ट्‌झचा स्लॉट-१ पेंटियम-३ घेतला तर फार डोके लढवावे लागत नाही. त्याच्या काळ्या कार्ट्रिजवर 500/512/100/2.0V अशी ओळ छापलेली असते. ५०० हा वेग, ५१२ किलोबाइटची कॅश, १०० मेगाहर्ट्‌झची बस आणि २.० व्होल्टचा पुरवठा, असा तिचा अर्थ. शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. पुढच्या पेंटियम-३ ना १.६५ व्होल्टच्या आसपास वीज लागते आणि ४४०बीएक्सचे सुरुवातीचे बरेच बोर्ड १.८ व्होल्टच्या खाली उतरत नाहीत. १३३ मेगाहर्ट्‌झच्या बसचा प्रोसेसर बसवण्याचा मोहही टाळावा. या चिपसेटला बसच्या दोन तृतीयांशापेक्षा लहान भाग एजीपीला देता येत नाही, त्यामुळे ६६ वर चालायला हवे ते ग्राफिक्स कार्ड ८९ मेगाहर्ट्‌झवर धावते. काही कार्डे ते निभावतात, काही पडद्यावर रेघोट्या काढू लागतात.

सर्वाधिक लोक फसतात ते रॅममध्ये. या बोर्डाला १६८ पिनांची, दोन खाचांची एसडीरॅम लागते. एकच खाच असलेली १८४ पिनांची पट्टी म्हणजे डीडीआर; ती इथे बसत नाही, आणि दाबून बसवू पाहणाऱ्याचा स्लॉट मोडतो. पीसी-१०० लिहिलेली पट्टी चालते, पीसी-१३३ चीही चालते; ती फक्त १०० च्या वेगाने धावते. इथवर सोपे आहे. खरी अडचण पट्टीवरच्या चिपांच्या संख्येत असते.

समजा २५६ एमबीच्या दोन पट्ट्या समोर आहेत. एकीवर दोन्ही बाजू मिळून १६ चिप आहेत, दुसरीवर एकाच बाजूला ८. पहिलीवरची प्रत्येक चिप १६ एमबीची, म्हणजे १२८ मेगाबिटची. दुसरीवरची ३२ एमबीची, म्हणजे २५६ मेगाबिटची. ४४०बीएक्सला १२८ मेगाबिटपर्यंतच्याच चिपा समजतात. त्यामुळे १६ चिपांची पट्टी पूर्ण २५६ दाखवते, तर ८ चिपांची बहुधा १२८ वरच थांबते. संगणक सुरू होताना पडद्यावर रॅमची मोजणी निम्म्यावर अडली तर पट्टी खराब आहे असे समजून ती टाकून देऊ नये. ती नंतरच्या चिपसेटसाठी बनलेली असते, इतकेच. १२८ एमबीच्या दोन पट्ट्या हा सर्वांत निर्धोक पर्याय.

आणि २५६ एमबी पुरेसेही आहेत. रॅम जितकी जास्त तितके बरे, हा आजचा हिशेब विंडोज ९८ ला लागू होत नाही. ५१२ एमबीच्या पुढे गेल्यावर या सिस्टिमची डिस्क-कॅश स्वतःसाठी इतके पत्ते अडवून बसते की इतर गोष्टींना जागा उरत नाही, आणि भरपूर मेमरी असलेला संगणक मेमरी अपुरी असल्याची तक्रार करतो. ज्यांना तरीही जास्त रॅम ठेवायचीच आहे त्यांनी system.ini या फाइलमध्ये कॅशला मर्यादा घालावी:

```
[vcache]
MaxFileCache=262144
```

हा आकडा किलोबाइटमध्ये आहे, म्हणजे कॅशला २५६ एमबीची वेस.

ग्राफिक्स कार्डाचा नियम थोडक्यात असा: या बोर्डाचा एजीपी स्लॉट ३.३ व्होल्टचा आहे, म्हणून त्याच काळातले व्हूडू-३ किंवा जीफोर्स-२ एमएक्ससारखे कार्ड घ्यावे. आवाजासाठी आयएसए स्लॉटमध्ये साउंड ब्लास्टर १६ किंवा एडब्ल्यूई६४. डॉसचे गेम साउंड कार्ड पत्ता २२०, इंटरप्ट ५ आणि डीएमए १ इथेच शोधतात. तेव्हा बायॉसमधल्या पीसीआय-प्लग अँड प्लेच्या पानावर इंटरप्ट ५ हा ‘लेगसी आयएसए’ साठी राखून ठेवावा. जॉयस्टिकचे १५ पिनांचे पोर्टही याच कार्डावर मिळते. पॅरलल पोर्टचा मोड मात्र लॉकवाल्यांनी ‘नॉर्मल’ ठेवून पाहावा. इतर मोडमध्ये काही लॉक ओळखले जात नाहीत.

वीज देण्यापूर्वी बोर्डावरचे कपॅसिटर निरखावेत. त्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षे बाजारात निकृष्ट इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर आले होते. डोक्यावर फुगलेला किंवा बुडाशी तपकिरी डाग पडलेला एकही दिसला तर तो बदलल्याशिवाय बोर्ड सुरू करू नये. एसएमपीएसच्या बाबतीत वॉटचा मोठा आकडा फसवा असतो. आजचे पुरवठे जवळजवळ सगळी ताकद १२ व्होल्टवर देतात, तर पेंटियम-३ चा बोर्ड प्रोसेसरसाठीची वीज ५ व्होल्टच्या तारेवरून घेतो. लेबलवर ५ व्होल्टसमोर २० अँपिअर किंवा अधिक असले की काम भागते. २४ पिनांच्या प्लगमधला चार पिनांचा तुकडा सुटा होत असेल तर तो बाजूला ठेवून उरलेला २० पिनांचा प्लग लावावा.

पहिली चाचणी कॅबिनेटबाहेर, लाकडी टेबलावर घ्यावी. बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी, ग्राफिक्स कार्ड आणि छोटा स्पीकर, एवढेच. अवॉर्ड बायॉस असेल तर एक छोटी बीप म्हणजे सारे ठीक. लांब बीप थांबून थांबून वाजत राहिली तर रॅम नीट बसलेली नाही; एक लांब आणि दोन आखूड वाजल्या तर गडबड ग्राफिक्स कार्डाची. पट्टीचे सोनेरी दात खोडरबराने घासायचा रिपेअरवाल्यांचा उपाय पुष्कळदा खरोखर लागू पडतो, मात्र रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नये. घड्याळ दर वेळी मागे पडत असेल तर सीआर२०३२ सेल बदलावा.

हार्ड डिस्क जितकी लहान तितकी सोय. १९९९ च्या मध्याआधीचे अनेक अवॉर्ड बायॉस ३२ जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसताच तिच्या तपासणीवर गोठतात. जुन्या डिस्कच्या खडखडाटावर भरवसा ठेवण्यापेक्षा आयडीई अडॅप्टरवर १६ जीबीचे कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड बरे. तेच पुढे काढून नव्या संगणकात लावता येते आणि फायलींची ने-आण होते.

विंडोज ९८ च्या बूट फ्लॉपीवरून संगणक सुरू करून FDISK चालवावे आणि मोठ्या डिस्कच्या प्रश्नाला होकार द्यावा. पुन्हा बूट केल्यावर डिस्कला C, फ्लॉपीने मेमरीत तयार केलेल्या तात्पुरत्या डिस्कला D आणि सीडीला E हे अक्षर मिळते. मग:

```
FORMAT C:
MD C:\WIN98
E:\WIN98\SMARTDRV
COPY E:\WIN98\*.* C:\WIN98
C:\WIN98\SETUP
```

SMARTDRV गाळले तर कॉपी आणि सेटअप दोन्ही कंटाळा येईल इतके रेंगाळतात. सेटअपच्या फायली डिस्कवरच ठेवण्याचा फायदा पुढे प्रत्येक ड्रायव्हर टाकताना कळतो, कारण विंडोज दर वेळी सीडी मागत नाही. ड्रायव्हर टाकताना आधी चिपसेटचा, मग ग्राफिक्सचा, मग आवाजाचा, असा क्रम ठेवावा. पेनड्राइव्हसाठी या सिस्टिमला वेगळा ड्रायव्हर लागतो.

एका मर्यादेवर मात्र उपाय अर्धाच आहे. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले अनेक डॉस प्रोग्राम या प्रोसेसरवर ‘रनटाइम एरर २००’ दाखवून बंद पडतात. सुरुवातीला वेळ मोजण्यासाठी ते जे आवर्तन फिरवतात त्याच्या फेऱ्या ठरलेल्या वेळात इतक्या जास्त होतात की त्यानंतरच्या भागाकारात गणित कोसळते. बायॉसमधून प्रोसेसरची कॅश बंद केली की संगणक पुरेसा मंदावतो आणि ते चालू लागतात, पण मग त्या वेळेपुरते विंडोजही गोगलगाय होते.

विंडोज ९८ चा आधार मायक्रोसॉफ्टने ११ जुलै २००६ रोजी थांबवला, त्यामुळे या संगणकाला इंटरनेटची वायर लावू नये.