आठवड्याचं वेळापत्रक, आडव्या ए-४ कागदावर

बाजारात मिळणाऱ्या छापील वेळापत्रकात सकाळी सहा ते रात्री दहा असे सोळा तास सरसकट आखलेले असतात. डोणगावच्या आसपासच्या खेड्यातून एसटीने शाळेला येणारी दहावीची मुलगी डोळ्यांसमोर आणा. नवाला घर सोडायचं, अकरा ते पाच शाळा, घरी परत यायला सहा. म्हणजे निम्म्याहून जास्त कागद अशा तासांवर जातो, ज्यांत तिला ठरवण्यासारखं काहीच नाही. उरलेल्या घरांत जेमतेम एक ओळ मावते.

म्हणून मोजमाप तिच्या मोकळ्या वेळेपासून सुरू करावं. आडव्या ए-४ कागदाला चारही बाजूंनी १० मिलिमीटर समास सोडला, की २७७ बाय १९० मिलिमीटर जागा उरते. वेळेचा रकाना २५ चा आणि सात वारांचे प्रत्येकी ३६ चे. उंचीत नाव आणि वार यांना दहा-दहा. शाळा व प्रवास मिळून १० मिलिमीटरची एकच पट्टी. सकाळच्या तीन आणि संध्याकाळच्या चार तासांना प्रत्येकी १६ मिलिमीटर द्यावेत, कारण वर मात्रा-वेलांटी आणि खाली उकार नीट बसायला एका ओळीला साधारण आठ लागतात. म्हणजे घरात दोन ओळी: ‘भूमिती, प्रमेय’ आणि खाली ‘उदाहरणं ५’. तळाशी ४८ मिलिमीटर उरतात, टिपांसाठी सहा ओळी.

शनिवारी शाळा सकाळची आणि रविवारी सुट्टी, त्यामुळे ही पट्टी तिथे चुकते. या दोन रकान्यांत तासांच्या रेघा काढूच नयेत, नुसत्या आठ-आठ मिलिमीटरच्या ओळी ठेवाव्यात. वेळ तिची तिने लिहावी.

रंग छापू नयेत. गावात प्रती निघतात त्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर, तिथे पिवळा जवळजवळ नाहीसा होतो आणि लाल काळवंडतो. त्याऐवजी घराच्या डाव्या कडेला चार मिलिमीटरची रिकामी पट्टी ठेवावी. तीत मुलीने रंगीत पेन्सिल फिरवावी आणि वर विषयाचं आद्याक्षर लिहावं. लाल-हिरव्यातला फरक न दिसणाऱ्या मुलालाही अक्षर वाचता येतं. स्केचपेन नको, पातळ कागदावर ते मागे उमटतं.

फिकट राखाडी रेघही टाळावी. प्रिंटर ती बारीक ठिपक्यांनी छापतो आणि झेरॉक्सवर ती तुटते. घरांना अर्ध्या पॉइंटची काळी रेघ, लिहिण्याच्या ओळींना काळी तुटक रेघ पुरते. छापताना `Actual size` निवडावं. `Fit` निवडलं तर आखणी आक्रसू शकते. पहिल्या प्रतीवर पट्टी ठेवून पाहावी: घर १६ भरलं नाही, तर तिथेच थांबावं. झेरॉक्स नेहमी मूळ प्रतीवरूनच काढावी.

टिपांच्या ओळींत राहून गेलेला अभ्यास कारणासकट लिहावा. सोयाबीनच्या सोंगणीत चार सकाळी शेतात गेल्या, तर तसंच लिहावं. पुढच्या आठवड्याची घरं भरताना त्या सकाळी मोकळ्या धरायच्या नाहीत.