मात्रांच्या हिशेबातली दोन मुळे

मात्रावृत्तात लघू अक्षराची एक मात्रा आणि गुरू अक्षराच्या दोन. ओळीतल्या मात्रा ठरलेल्या असतील, तर लघू-गुरूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्या करता येतात, हा प्रश्न भारतीय छंदशास्त्रकारांनी फार पूर्वीच विचारला होता. विरहांकाने त्याचा नियम सांगितला आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘छंदोनुशासना’त तो पुन्हा स्पष्ट मांडला. पिसा शहरातल्या लिओनार्दोने, म्हणजे फिबोनाचीने, सशांच्या जोड्यांचे उदाहरण १२०२ साली लिहिले, त्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

नियम ओळीच्या शेवटाकडे पाहिले की लगेच कळतो. (चरणाच्या अंती लघूला गुरू मानायची सवलत इथे बाजूला ठेवू.) शेवटचे अक्षर लघू असेल, तर त्याच्या आधी एक मात्रा कमी असलेली कोणतीही मांडणी चालते. ते गुरू असेल, तर आधी दोन मात्रा कमी असलेली मांडणी हवी. तिसरी शक्यताच नाही. तीन मात्रांच्या मांडण्या तीन: ललल, गाल, लगा. दोन मात्रांच्या दोन: लल, गा. म्हणून चार मात्रांच्या मांडण्या पाच: पहिल्या तिन्हींना शेवटी ‘ल’ जोडायचा आणि नंतरच्या दोन्हींना ‘गा’. n मात्रांच्या मांडण्यांना M(n) म्हटले, तर नियम असा होतो:

M(n) = M(n−1) + M(n−2)

याला आवर्ती संबंध म्हणतात. महाविद्यालयातली मुले सरळ रिकरन्स म्हणतात. M(1) = 1 आणि M(2) = 2 धरून पुढे गेले की १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४ अशी ओळख पटणारी माळ निघते. सोळावे पद १५९७. म्हणजे पादाकुलकासारख्या सोळा मात्रांच्या ओळीत लघू-गुरू नुसते मोजून बसवायचे ठरवले, तर १५९७ मांडण्या होतात. पण मराठी कान इतका मोकळा नसतो. माधव जूलियनांनी ज्याला पद्मावर्तन म्हटले, त्या आठ-आठ मात्रांच्या आवर्तनांमधली सीमा पाळायची, म्हणजे एकही गुरू त्या सीमेवर आडवा पडू द्यायचा नाही, असे ठरवले की ३४ × ३४ = ११५६ मांडण्या उरतात. ज्यांत गुरू सीमेवर पसरतो, त्यांत त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात मात्रा राहतात, म्हणून त्या २१ × २१ = ४४१. दोन्हींची बेरीज बरोबर १५९७. मला हा पडताळा विशेष आवडतो, कारण एकही पद पुढे न चालवता तो मधल्या आठ संख्यांवरून सोळाव्या संख्येपर्यंत पोचवतो.

मग आधीची सगळी पदे न काढता थेट n वे पद सांगता येईल का? आवर्ती संबंध सोडवणे म्हणजे हेच. पुस्तकात इथे एकदम ‘aₙ = rⁿ मानू’ असे वाक्य येते आणि वाचणारा बुचकळ्यात पडतो: हे मानायचे तरी का? कारण असे. नियम एकाच पायरीचा असता, उदाहरणार्थ प्रत्येक पद आधीच्या पदाच्या तिप्पट, तर उत्तर भूमितीय श्रेढी, म्हणजे ३ⁿ च्या पटीत, हे कोणीही सांगेल. दोन पायऱ्यांच्या नियमातही एखादी भूमितीय श्रेढी बसते का, एवढेच आपण तपासून पाहतो. बसायचे तर rⁿ = rⁿ⁻¹ + rⁿ⁻² व्हायला हवे. दोन्ही बाजूंना rⁿ⁻² ने भागले की n निघूनच जातो:

r² = r + 1

सारी युक्ती या भागाकारात आहे. प्रत्येक n साठी वेगळी अट असायला हवी होती. तिच्या जागी सगळ्या n साठी मिळून एकच वर्गसमीकरण उरले. त्याची मुळे (1+√5)/2 आणि (1−√5)/2, म्हणजे साधारण १.६१८ आणि −०.६१८. पहिल्याला φ म्हणू, दुसऱ्याला ψ. या दोन्ही श्रेढी नियम पाळतात. नियम रेषीय असल्यामुळे, म्हणजे त्यात पदांचे वर्ग किंवा गुणाकार नसल्यामुळे, एकीची A पट आणि दुसरीची B पट घेऊन केलेली बेरीजही नियम पाळते.

आता A आणि B ठरवायचे ते सुरुवातीच्या दोन पदांवरून. रिकाम्या ओळीची मांडणी एकच, म्हणून M(0) = 1 धरता येते; M(1) ही 1. म्हणजे

A + B = 1
Aφ + Bψ = 1

ही दोन एकसामयिक समीकरणे सोडवली की A = φ/√5 आणि B = −ψ/√5 मिळतात; दशांशात सुमारे ०.७२४ आणि ०.२७६. पहिली दोन पदे जुळली की पुढची आपोआप जुळतात, कारण दोन्हीकडे पुढचे पद बनवणारा नियम तोच आहे. म्हणून आणखी कुठले उत्तर राहून गेले असेल, ही शंका उरत नाही. सूत्र असे:

M(n) = (φⁿ⁺¹ − ψⁿ⁺¹)/√5

हे बिनेच्या नावाने ओळखले जाते. त्याने ते १८४३ साली प्रसिद्ध केले, पण अब्राहम द मॉयव्हरला ते त्याच्या शंभरेक वर्षे आधी माहीत होते. √५ ने भरलेल्या सूत्रातून दर वेळी पूर्णांक बाहेर येतो, याचे नवल वाटणे स्वाभाविक आहे. √५ असलेली पदे दोन्ही भागांमध्ये विरुद्ध चिन्हांनी येऊन जुळतात, हे त्याचे कारण. n = 16 घेतले तर φ¹⁷/√5 ची किंमत १५९६.९९९८७५ येते आणि दुसऱ्या श्रेढीचा वाटा फक्त ०.०००१२५. त्यामुळे मोठ्या मुळाची श्रेढी एकटीच काढून जवळचा पूर्णांक घेतला तरी उत्तर बरोबर येते.

नियम तोच ठेवून सुरुवात २ आणि १ अशी केली, तर २, १, ३, ४, ७, ११, १८ ही ल्यूकाच्या नावाची माळ मिळते. मुळे तीच, फक्त आता A = B = 1, म्हणून सूत्र φⁿ + ψⁿ. मुळे नियमातून येतात आणि त्यांचे वाटे सुरुवातीच्या पदांतून, एवढे वेगळे ओळखले की परीक्षेतली निम्मी गणिते सुटतात. उरलेल्या निम्म्यात मुलांची गाडी एका ठरावीक जागी अडते. हे पाहा:

a(n) = 4a(n−1) − 4a(n−2), a(0) = 1, a(1) = 6

वर्गसमीकरण r² − 4r + 4 = 0. मूळ एकच, २, पण दोनदा. सवयीने A·2ⁿ + B·2ⁿ लिहिले जाते. मग पहिल्या अटीवरून A + B = 1 आणि दुसरीवरून 2(A + B) = 6, म्हणजे A + B = 3. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. असा विरोध दिसला की ओळखावे: आपण दोन श्रेढी घेतल्याच नाहीत, एकच दोनदा लिहिली आहे.

दुसरी श्रेढी n·2ⁿ ही आहे. ती कुठून येते, हे बहुतेक वेळा सांगितले जात नाही. मुळे अगदी सारखी नसून २ आणि २.०१ आहेत, असे क्षणभर समजू. तेव्हा 2ⁿ आणि 2.01ⁿ दोन्ही चालतात, म्हणून त्यांची वजाबाकीही चालते आणि तिला ०.०१ ने भागलेलेही चालते. n = 3 साठी (८.१२०६०१ − ८) ÷ ०.०१ = १२.०६. आता फरक आणखी बारीक करत नेला, तर हे उत्तर १२ कडे, म्हणजे ३ × २² कडे सरकते. सर्वसाधारणपणे ते n·2ⁿ⁻¹ कडे जाते. दोन मुळे एकमेकांत मिसळतात, तेव्हा त्यांच्यातला फरक अशा रीतीने n चा गुणक होऊन मागे राहतो. म्हणून उत्तर (A + Bn)2ⁿ. पहिल्या अटीने A = 1, दुसरीने B = 2. ताळा घेऊ: नियमाने तिसरे पद ४×६ − ४×१ = २०, सूत्राने (१ + ४) × ४ = २०. पुढचे पद दोन्हीकडून ५६.

या साऱ्याला एक मर्यादा आहे. नियमातले सहगुणक स्थिर असायला हवेत. a(n) = n·a(n−1) मध्ये rⁿ घातला तर भागाकारानंतरही n जात नाही, आणि सगळ्या n साठी एकच समीकरण मिळत नाही. तिथे दुसरी वाट धरावी लागते.

स्थिर सहगुणक असतानाही एक सापळा राहतो, आणि तो कागदावर नव्हे, कॅल्क्युलेटरवर सापडतो. ψ च्या श्रेढीची पदे काढायची आहेत: १, −०.६१८, ०.३८२ अशी चिन्ह बदलत शून्याकडे जाणारी. फिबोनाचीचाच नियम वापरून, १ आणि −०.६१८ पासून बेरजा करत जा. ०.३८२, −०.२३६, ०.१४६, −०.०९०, सारे ठीक चालले आहे. अकरावी बेरीज ०.००८ येते, तिच्या आधीचे पद −०.००२ होते. त्यानंतर ०.००६, ०.०१४, ०.०२०: चिन्ह बदलायचे थांबले आणि आकडे वाढू लागले. n = 20 ला ०.२३० येते, खरी किंमत ०.००००६६ आहे. बेरीज एकदाही चुकलेली नाही. ψ ची खरी किंमत −०.६१८०३४; आपण शेवटचे तीन अंक सोडले, एवढ्याने φ च्या श्रेढीचा ०.००००१५ इतका वाटा उत्तरात शिरला. वीस पायऱ्यांत φ²⁰, म्हणजे जवळजवळ १५,१२७ पटींनी तो वाढला. जास्त दशांश घेतले तर हेच फक्त थोडे उशिरा होते.

उपाय उलटे चालण्याचा. नियम a(n−2) = a(n) − a(n−1) असा फिरवून लिहिला की मागे जाताना ψ चा वाटा वाढतो आणि φ चा घटतो. n = 21 ला ० आणि n = 20 ला १ असे अगदी मनाने धरू. मागे जाताना −१, २, −३, ५ येत येत n = 0 ला १०,९४६ पोचतो. सुरुवात १ हवी आहे, म्हणून सगळ्या पदांना १०,९४६ ने भागायचे. दहावे पद ८९/१०,९४६ = ०.००८१३०८ येते, खरी किंमत ०.००८१३०६. शेवटाकडची पदे मात्र चुकीचीच राहतात: विसावे ०.००००९१ निघते. म्हणून हवे असलेल्या पदाच्या बरेच पुढून सुरुवात करावी लागते. ब्रिटिश गणिती जे. सी. पी. मिलर यांनी बेसेल फलांच्या किमती काढण्यासाठी हीच पद्धत वापरली. तिथले सहगुणक स्थिर नसतात, त्यामुळे rⁿ चे सूत्र मिळत नाही. पण एक उत्तर वाढणारे आणि एक घटणारे, ही जोडी तिथेही असते.