रात्री दोन वाजता फोन कोणाला?

वेगाने वाढणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीत दरवर्षी एक हिशेब मांडला जातो. पुढच्या मार्चपर्यंत किती माणसं लागतील, आपल्याकडे किती आहेत आणि उरलेली कुठून आणायची? ऐकायला ही साधी वजाबाकी वाटते. तरीही वर्षअखेरीला खुर्च्या भरलेल्या असतात, काम मात्र अडलेलं असतं. असं का होतं, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, पुण्यात खराडीला एक कंपनी आहे. ती हॉस्पिटलांसाठी बिलं आणि रुग्णांच्या नोंदी ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत, पण या धंद्यातल्या माणसाला ते ओळखीचे वाटतील. आज, एप्रिलच्या सुरुवातीला, कंपनीत 240 इंजिनिअर आहेत आणि मार्चअखेर 330 हवेत. म्हणजे 90 जणांची भरती? नाही. वर्षभरात शंभरातले पंधरा सोडून जातात असं धरलं, तर आजच्या 240 मधले 36 जातील, म्हणून प्रत्यक्षात 126 जण घ्यावे लागतील. त्यात ऑफर लेटर घेतलेल्या दहांपैकी तीन येतच नाहीत. हातात आलेला कागद दाखवून ते आहे तिथेच पगार वाढवून घेतात किंवा तिसरीकडे जातात. म्हणजे 180 ऑफर. एका ऑफरमागे पाच उमेदवार तपासले आणि प्रत्येकामागे कंपनीतल्या इंजिनिअरांचे दोन तास गेले, तर 1800 तास होतात. एका माणसाचं जवळजवळ वर्षभराचं काम! हे तास देतं कोण? ज्यांची आधीच टंचाई आहे तीच जुनी, जाणती माणसं. भरतीच्या एक्सेलमध्ये या तासांचा रकाना सहसा नसतो.

इथपर्यंत झाली डोक्यांची मोजदाद. खरी गंमत कौशल्यांची मोजदाद सुरू झाली की येते.

हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर रात्रीही चालू लागतं, कारण कॅज्युअल्टी रात्री बंद होत नाही. म्हणून या कंपनीला सर्व्हर आणि डेटाबेस सांभाळणारी, बिघाड झाला की लगेच हाताळणारी माणसं लागतात. ती किती हे विक्रीच्या आकड्यावरून ठरवता येत नाही. ‘धंदा चाळीस टक्के वाढणार, म्हणून माणसंही चाळीस टक्के’ हे गणित मांडायला सोपं असलं तरी इथे निरुपयोगी आहे. इथे मागणी ठरते ती पाळीवरून. या कामाबद्दल गूगलच्या अभियंत्यांनी 2016 मध्ये एक पुस्तक काढलं. त्यात एकाच ठिकाणच्या ऑन-कॉल टीमसाठी किमान आठ जण सांगितले आहेत. आठवडाभर एक जण मुख्य आणि एक राखीव असे दोघं पाळीवर असले, की प्रत्येकाची पाळी साधारण चार आठवड्यांतून एकदा येते. त्याहून जास्त वेळा आली तर माणूस दिवसाच्या कामाचा राहत नाही. आपल्या कंपनीला वर्षअखेरीला दुसरं डेटा सेंटरही उभं करायचं आहे, त्यासाठी आणखी चार धरू. एकूण मागणी बारा.

आता पुरवठा. एचआरने सगळ्यांना फॉर्म पाठवला की आपापल्या कौशल्याला एक ते पाच गुण द्या. या कामात चार किंवा पाच गुण घेणारे निघाले एकोणीस. कागदावर बारा हवेत आणि एकोणीस आहेत, म्हणजे सात जास्तच. मीटिंगमध्ये शीट पुढे आली तेव्हा टीम लीडने एवढंच विचारलं, “मॅडम, रात्री दोनला सर्व्हर पडला तर यांतल्या किती जणांना फोन कराल?”

“ते तुम्हीच सांगा ना, लिस्ट तर तुमच्याच लोकांनी भरलीय.”

त्याने गेल्या सहा महिन्यांतल्या बिघाडांच्या नोंदी उघडल्या. प्रत्येक नोंदीत बिघाड कोणी शोधला आणि कोणी दुरुस्त केला, हे लिहिलेलं असतं. कोणाचीही मदत न घेता बिघाड निस्तरलेले सात जण निघाले. बाकीच्या बारांनी कोर्स केला होता, सर्टिफिकेटही मिळवलं होतं. ते खोटं बोलत होते असं मुळीच नाही. ज्याने मोठा बिघाड पाहिलेलाच नाही, तो स्वतःला सहज चार गुण देतो, आणि ज्याने पाहिला आहे तो बिचकत तीन देतो. म्हणून स्वतः दिलेले गुण ही फक्त सुरुवात समजावी आणि त्यावर कामाच्या नोंदींचा ताळा घ्यावा.

सातांतला एक जण वर्षात सोडून जाईल असं धरलं तर उरतात सहा. कागदावर सात जास्त, प्रत्यक्षात सहा कमी. त्याच कंपनीत हाताने टेस्टिंग करणारे 31 आहेत आणि लागणार आहेत 18. एकूण बेरजेत ही दोन्ही टोकं एकमेकांना झाकून टाकतात, म्हणून वरच्या केबिनमधून पाहणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

तूट कळली तरी ती भरायला वेळ लागतो. जाहिरात ते ऑफर दीड महिना, मग आपल्याकडे सर्रास असलेला नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड, आणि आल्यावर ही यंत्रणा ओळखीची होऊन रात्रीच्या पाळीवर एकटं सोडण्याजोगं व्हायला तीन महिने. एकूण साडेसात. मार्चअखेर माणूस तयार हवा असेल तर शोध ऑगस्टच्या मध्यात सुरू व्हायला हवा. पण बहुतेक ठिकाणी जागांना मंजुरी मिळते सहामाही आढाव्यानंतर, ऑक्टोबरमध्ये. तिथून मोजलं तर माणूस उजाडतो मेच्या मध्यावर. आणि ऑफर घेतलेला उमेदवार नव्वदीच्या आसपास ‘सॉरी सर’ म्हणाला, तर घड्याळ पुन्हा शून्यावर.

या घाईतून आणखी एक घोळ होतो. मंजूर जागा मार्चपूर्वी भरली नाही तर ती जाईल या भीतीने मॅनेजर मिळेल तो माणूस घेतो. संख्या पूर्ण होते आणि तूट होती तिथेच राहते. दहा मागितले की सात मिळतात हे ठाऊक असल्याने मॅनेजर दहा मागतात, आणि ते दहा मागतात हे ठाऊक असल्याने फायनान्सवाले सात देतात. या देवघेवीत खरी गरज कोणालाच कळत नाही.

मग सहांची तूट भरायची कशी? बाहेरून तीन, आतून तीन, असा विचार ठीक वाटतो. कोर्स केलेल्या बारांतून चांगले तीन निवडता येतील, पण त्यांना शिकवणार कोण? फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये ओएस/360 चा प्रकल्प सांभाळला होता. 1975 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. एक मोठं कारण हेच, की नव्यांना तयार करण्यात जुन्यांचा वेळ जातो. आपल्या सातांतले दोघं कायम पाळीवर असतात. दोघा-तिघांच्या गळ्यात मुलाखती पडलेल्या आहेत. उरलेल्यांकडे प्रत्येकी एक शिकाऊ दिला, तरच त्याला बिघाडाच्या वेळी शेजारी बसवून शिकवता येईल. म्हणजे एका वेळी दोन, फार तर तीन. टेस्टिंगवाल्यांतल्या काहींना कोड लिहून टेस्टिंग करायला शिकवता येईल, पण त्यांना या कामावर आणायचं हा हिशेब कागदावरच शोभतो.

एवढं करूनही मार्चपर्यंत सगळी तूट भरेल असं दिसत नाही. तेव्हा एक मार्ग उरतो, आणि तो सहसा चर्चेलाच येत नाही: मागणी कमी करणं. दुसरं डेटा सेंटर एका तिमाहीने पुढे ढकललं तर मार्चअखेर बारांऐवजी आठ पुरतात. सहांची तूट दोनवर येते, आणि तेवढे दोन जण ऑगस्टात शोध सुरू केला तर मिळू शकतात. पण ते सेंटर कोणत्या ग्राहकाला कबूल केलं आहे, हे फक्त सेल्सच्या प्रमुखाला माहीत असतं. या बैठकीला बोलावलेल्यांच्या यादीत त्याचं नाव बहुधा नसतं.