चारचौघांतला अपमान आणि माफीचा मेल

९ ऑगस्ट २०१३, शुक्रवार. अमेरिकेतल्या एओएल कंपनीचे प्रमुख टिम आर्मस्ट्राँग ‘पॅच’ या स्थानिक बातम्यांच्या विभागाची बैठक घेत होते. फोनवर जोडलेले धरून सुमारे हजार कर्मचारी ऐकत होते. खोलीतल्या एका सहकाऱ्याने कॅमेरा रोखला, तसं आर्मस्ट्राँगनी त्याला कॅमेरा खाली ठेवायला सांगितलं आणि त्याच दमात नोकरीवरून काढूनही टाकलं. मग काही घडलंच नाही अशा थाटात बैठक पुढे चालू. बैठकीचं ध्वनिमुद्रण बाहेर फुटलं आणि गाजलं. पुढच्या मंगळवारी आर्मस्ट्राँगनी सगळ्या कर्मचाऱ्यांना मेल पाठवला.

तो मेल अर्धा उत्तम आहे. चूक माझी, मी भावनेच्या भरात वागलो, हे त्या माणसावर अन्यायकारक होतं, त्याच्याशी मी थेट बोलून माफी मागितली आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. पण पुढे गाडी घसरली. गोपनीय बैठकीचं चित्रीकरण करू नकोस असं त्याला आधीही बजावलं होतं, तरी त्याने पुन्हा तेच केलं, म्हणून मी तसा वागलो, असा खुलासा त्यांनी जोडला. म्हणजे हजार जणांसमोर झालेल्या अपमानाची माफी मागता मागता त्याच्यावरचा आरोप साऱ्या कंपनीला पुन्हा वाचून दाखवला. नोकरी गेली ती गेलीच.

माफीत नेमकं काय पोचतं, याचा अभ्यास ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी यांनी सहकाऱ्यांसह केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. खेद, कारण, चुकीची कबुली, पुन्हा असं न करण्याची ग्वाही, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती अशी सहा अंगं त्यांनी तपासली. लोकांना सर्वांत जास्त पटली ती चुकीची कबुली. त्याखालोखाल भरपाईची तयारी. ‘मला क्षमा करा’ ही विनंती सगळ्यांत कमी महत्त्वाची ठरली. आपले बहुतेक साहेब मात्र तिथेच जोर लावतात. हाताखालच्या माणसाला साहेबाच्या माफीला ‘नाही’ कसं म्हणता येईल? ती विनंती नसते, हुकूमच असतो.

समजा, सोमवारच्या आढावा बैठकीत व्यवस्थापकाने अहवालातल्या चुकीच्या आकड्यावरून एका कर्मचारी महिलेला आठ जणांसमोर सुनावलं. मंगळवारी सकाळी त्याने असा मेल लिहावा:

‘काल बैठकीत मी सगळ्यांसमोर तुम्हाला “एवढं साधंही जमत नाही का?” असं म्हणालो. ते चूक होतं. आकड्याबद्दल बोलायचं होतं, तर तुमच्याशी वेगळं बोलायला हवं होतं. तुम्हाला सर्वांदेखत खाली मान घालावी लागली, त्याला मी जबाबदार आहे. माझी चूक गुरुवारच्या बैठकीत सर्वांसमोर कबूल करावी असं मला वाटतं, पण तो विषय पुन्हा निघायला नको असेल तर तसं कळवा, मी काढणार नाही. यापुढे कामातली चूक मी तुम्हाला एकटीलाच सांगेन. या मेलला उत्तर द्यायलाच हवं असं नाही.’

यात काय नाही ते बघा. ‘तुम्हाला वाईट वाटलं असेल तर’ नाही; या ‘तर’मुळे चूक तिच्या हळवेपणाची ठरते. ‘वरून खूप दबाव होता’ नाही. दबाव तिच्यावरही होताच. आणि चुकलेल्या आकड्याचा हिशेब नाही. आकडा दुरुस्त व्हायलाच हवा, पण त्याचं बोलणं दुसऱ्या दिवशी, वेगळं. एकाच मेलमध्ये दोन्ही घातलं, की वाचणारी दुसरंच लक्षात ठेवते.

उच्चारलेलं वाक्य जसंच्या तसं लिहायला हात धजावत नाही. ‘काल जे काही घडलं’ असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. पण तिला ते वाक्य शब्दन् शब्द पाठ असतं. गोलमोल लिहिलं, की साहेबांना अजून कळलेलंच नाही, असा तिचा समज होतो.

मेल फक्त तिलाच जावा. सीसीमध्ये एचआर आलं, की माफीचा कागद होतो, साहेबाच्या बचावासाठी केलेला. आणि बैठकीतल्या कबुलीला तिने होकार दिला, तर ती दोन वाक्यांत उरकावी. लांबलेली कबुली तिला दुसऱ्यांदा तमाशात उभं करते. बोलणं जातीवरून किंवा बाईपणावरून असेल, तर मात्र हा मेल पुरेसा नाही. तिथे तक्रारीची रीतसर वाट आहे आणि माफी दाखवून ती अडवता येत नाही.

विश्वास परत आला की नाही, हे तिच्या ‘इट्स ओके सर’वरून ओळखू नका. पुढची चूक ती स्वतःहून येऊन सांगते की लपवते, ते पाहा. लपवत असेल, तर दुसरा मेल लिहू नका. तिसऱ्या कुणाची चूक निघेल तेव्हा बैठकीत तुमचा आवाज चढतो का, याकडे ती लक्ष ठेवून आहे.