उशिरा वयात येणारा मुलगा, टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने आणि उंचीचा हिशेब

आम्ही डॉक्टर नव्हे. कलाशाखेचे पदवीधर आणि बँकेत कारकुनी करणारे. तरीही हा विषय आम्ही लिहावयास घेतला, कारण तो आमच्या घरात येऊन उभा राहिला होता. आमच्या बहिणीच्या मुलाबरोबर सुमारे पाच वर्षे आम्ही डॉक्टरांकडे जात होतो. त्यातून जे समजले ते पालकांना आणि विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

भाचा तेव्हा १४ वर्षे ८ महिन्यांचा होता. उंची १४३ सें.मी., आवाज बारीक, ओठावर लव नाही. वर्गातली मुले त्याला ‘बाळ’ म्हणत आणि कबड्डीत कोणी घेत नसे. त्याला पोलीस भरतीला जायचे होते. महाराष्ट्रात शिपाईपदासाठी पुरुष उमेदवाराची उंची किमान १६५ सें.मी. लागते, हे त्याला पाठ होते. शाळेला जायचे नाही म्हणून तो हटून बसला, तेव्हा दाजी त्याला घेऊन शहरातल्या संप्रेरकतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेले. सोबत आम्ही होतो.

डॉक्टरांनी प्रथम आईवडिलांची उंची मोजली. दाजी १६८, बहीण १५४. दोन्हींच्या बेरजेत १३ मिळवून निम्मे केले की मुलाची अपेक्षित उंची साधारण कळते. ती आली १६७.५. त्यात थोडेफार कमीजास्त होणारच. मग त्यांनी दाजींना विचारले, “तुम्हाला मिसरूड कधी फुटली?” दाजी म्हणाले, “दहावी होऊन गेल्यावर. कॉलेजात गेल्यावरच उंच झालो.” डॉक्टरांनी ते लिहून घेतले. वयात उशिरा येणे पुष्कळदा घराण्यातच असते.

त्यानंतर त्यांनी लहानमोठ्या मण्यांची एक माळ काढली. स्वित्झर्लंडमधील झुरिकचे डॉ. प्राडर यांच्या नावाने ती ओळखली जाते. प्रत्येक मण्यावर मिलिलिटरचा आकडा असतो आणि मुलाच्या वृषणाचा आकार मण्याशी ताडून पाहतात. ४ मिलिलिटर झाले म्हणजे वयात येणे सुरू झाले असे समजतात. चौदा वर्षे पूर्ण होऊनही ४ झाले नसतील तर उशीर म्हणतात. भाच्याचे ३ होते.

डाव्या हाताचा व मनगटाचा एक्स-रे काढला. त्यातील हाडांवरून हाडांचे वय कळते. ते १२ वर्षांचे निघाले. म्हणजे मुलगा पावणेपंधराचा, पण हाडे बाराची. हाडे वयाच्या मागे असणे म्हणजे वाढीला अजून काळ शिल्लक असणे. हाडांच्या वयावरून डॉक्टरांनी अंतिम उंचीचा अंदाज १६७ च्या आसपास सांगितला.

पण उशिराचे कारण दुसरे नाही ना, हे आधी पाहावे लागते. थायरॉइड, रक्तक्षय, पोटाचे जुने दुखणे, अपुरे अन्न यांनीही वाढ मागे पडते. आपल्या विदर्भात सिकलसेलचाही विचार करावा लागतो, कारण त्या आजारातही मुले उशिरा वयात येतात. मुलाला वास येतो का, हेही डॉक्टरांनी विचारले. वास न येणे आणि मेंदूकडून वृषणांना संदेशच न जाणे, असे एकत्र दिसणारा एक जन्मजात विकार आहे. भाच्याच्या तपासण्या ठीक आल्या. तेव्हा डॉक्टर म्हणाले, “हा नुसता उशीर दिसतो. थांबलात तरी चालेल. पण मुलगा खचला आहे, म्हणून थोडी इंजेक्शने देऊ.”

टेस्टोस्टेरॉनचे तेलकट इंजेक्शन ५० मिलिग्रॅम, दर चार आठवड्यांनी, एकूण सहा, असे ठरले. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. त्या औषधाच्या कुपीत २५० मिलिग्रॅम असतात आणि ती मात्रा मोठ्या माणसाची आहे. मुलाला त्यातील पाचवा हिस्सा, म्हणजे ०.२ मिलिलिटर द्यावयाचे होते. चिठ्ठी नीट न वाचता सबंध कुपी टोचली तर पाचपट औषध जाते. म्हणून प्रत्येक वेळी आम्ही स्वतः चिठ्ठी दाखवून परिचारिकेला मात्रा सांगत असू.

सहा महिन्यांत मुलाची उंची १४६.५ झाली. आधी वर्षाला चारच सें.मी. वाढत होता, तो सहा महिन्यांतच साडेतीन वाढला. चेहऱ्यावर पुटकुळ्या आल्या, आवाज फुटू लागला. दाजींना आनंद झाला आणि त्यांनी डॉक्टरांना विनंती केली, “साहेब, आणखी वर्षभर द्या. मात्राही वाढवा. पोरगा १७५ होऊन जाईल.”

डॉक्टरांनी साफ नकार दिला आणि त्याचे कारण समजावून सांगितले. १९९४ साली अमेरिकेत एका माणसाची हकीकत प्रसिद्ध झाली. वय २८, उंची २०४ सें.मी. आणि अजून वाढ चालूच. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन भरपूर होते. पण इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा त्याच्या पेशींवर परिणामच होत नव्हता, म्हणून हाडांच्या टोकांची वाढीची कूर्चा मिटली नव्हती. यावरून स्पष्ट झाले की पुरुषांतही वाढ बंद करण्याचे काम इस्ट्रोजेन करते. आणि ते शरीरात टेस्टोस्टेरॉनपासूनच तयार होते. म्हणजे जे औषध वाढीला वेग देते, त्यातूनच वाढीचे दार लावणारे द्रव्यही बनते.

थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी दिले तर उंची आणि हाडांचे वय जोडीने पुढे सरकतात. त्यामुळे अंतिम उंचीचा अंदाज होता तेथेच राहतो. मात्रा मोठी झाली किंवा काळ लांबला, तर हाडांचे वय उंचीच्या पुढे धावते, कूर्चा लवकर मिटते आणि मुलगा कायमचा बुटका राहू शकतो. अशा छोट्या उपचारानंतर मुलांची अंतिम उंची पुष्कळ ठिकाणी मोजली गेली आहे. ती घटत नाही, तशी वाढतही नाही. आमच्या बँकेच्या भाषेत बोलायचे तर ठेवीची रक्कम तीच राहते. फक्त काही हिस्सा आधी हाती येतो.

मग इंजेक्शने बंद करून वाट पाहायची होती. या काळात खरी खूण मण्यांची. बाहेरून दिलेल्या टेस्टोस्टेरॉनने केस येतात, आवाज बदलतो, पण वृषण मोठे होत नाहीत. ते मेंदूतील पिट्यूटरी ग्रंथीच्या संदेशानेच वाढतात. म्हणून मणी वाढला तर शरीराचे स्वतःचे यंत्र चालू झाले असे समजावे. तो वर्षभरातही वाढला नाही, तर हा नुसता उशीर नव्हे. पुन्हा कसून तपासणी हवी. भाच्याचा मणी चार महिन्यांनी ६ निघाला. त्या दिवशी दाजींनी पेढे वाटले.

पुढच्या वर्षी तो ९ सें.मी. वाढला, नंतर ६, नंतर ३. विसाव्या वर्षी त्याची उंची १६६ वर थांबली. अंदाज १६७ चा होता. इंजेक्शनांविनाही तो बहुधा येथेच पोचला असता. भरतीच्या मोजमापात तो बसला, याचे श्रेय औषधाला देता येत नाही.

तर मग औषधाने काय दिले, असे कोणी विचारील. त्याने नववी-दहावीची दोन वर्षे दिली. तो शाळेत गेला, कबड्डी खेळला, आरशात पाहू लागला. उंची वाढविण्याचे म्हणून हे औषध मागणाऱ्या, किंवा व्यायामशाळेतील कोणाच्या सांगण्यावरून टोचून घेणाऱ्या मुलांना आमचे एवढेच सांगणे आहे की, आधी डाव्या हाताचा एक्स-रे काढा आणि तो जाणत्या डॉक्टरला दाखवा.